ओट्याखालची ओल

आमच्या पुढच्या खोलीची भिंत पहिल्यांदा ओली दिसली तेव्हा मी घरात जाहीर केलं की नळाची पाइपलाइन फुटली आहे. त्या भिंतीत पाइपलाइन नाही, हे बायकोने दुसऱ्या मिनिटाला सांगितलं. घरातल्या दुरुस्त्यांमध्ये माझं स्थान काय आहे ते एवढ्यावरून कळेल.

आमचं गाव युसूफ वडगाव, केज तालुक्यात. मी केजला एका कार्यालयात कारकून, रोज मोटारसायकलने जाऊन येऊन. घर विटांचं, माझ्या वडिलांनी बांधलेलं. पुढची खोली त्यांची. आम्ही त्यांना आबा म्हणतो. खोलीच्या बाहेर गल्लीच्या अंगाला, भिंतीला चिकटून त्यांचा ओटा. शेतातून सुटल्यापासून आबा सकाळी चहाला त्या ओट्यावर बसत ते दिवेलागणीलाच उठत. बैलांचे, बियाण्यांचे, लग्नांचे निम्मे सौदे त्या ओट्यावर तुटलेले किंवा जुळलेले.

हा ओटा पूर्वी इतका उंच नव्हता. गल्लीचा रस्ता दर निवडणुकीनंतर जुना न उखडता वरून काँक्रीट टाकून नवा होतो. रस्ता चढला, ओटा बुडला. पावसाचं पाणी ओट्यावर आलं तेव्हा आबांनी मिस्त्रींना बोलावून तो उंच करून घेतला. आत काळी माती आणि मुरूम ठासला, वर शहाबादी फरशी. बसल्यावर डोकं खिडकीच्या खालच्या कडेच्या वर येईल एवढा उंच. गावभर कौतुक झालं. मीही केलं.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर आतून भिंत गुडघ्याएवढी काळवंडली. रंग फुगला, पापुद्रे सुटले, त्यांच्या वरच्या कडेला मिठासारखी पांढरी भुकटी यायला लागली. मी मोबाइलवर चार व्हिडिओ पाहिले आणि आतून खाली कमरेएवढं पक्कं सिमेंट प्लास्टर मारून घेतलं, वर वॉटरप्रूफ रंग. गृहप्रवेश असल्यासारखा नारळ तेवढा फोडायचा राहिला. चारेक महिन्यांत ओल माझ्या प्लास्टरच्या वर निघाली. आधी आबांच्या पलंगाखाली होती, आता उशीला लागली.

त्या हिवाळ्यात आबांना दम लागायला लागला. आधी खोकला, मग शिट्टीसारखा आवाज. पलंगामागे भिंतीवर काळी बुरशी धरली होती. केजच्या डॉक्टरांनी छाती तपासून विचारलं, "झोपतात कुठं?" बायकोने खोलीचं सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "दमा जुनाच असंल, पण त्या खोलीत ठेवू नका."

आबांना मागच्या खोलीत हलवायचं ठरलं. ते ऐकेनात. "तिथून गल्ली दिसती का? मी काय मेलोय का, मला मागं न्यायला?"

"आबा, भिंत ओली हाय," मी म्हणालो.

"तूच केली वली, ते सिमिट फासून. आधी खाली तरी होती."

हे खरं होतं.

मग एका पहाटे त्यांचे ओठ निळे पडले. अंबाजोगाईला नेलं. आठवडाभर नळ्या, मास्क, वाफा. परत आणलं तेव्हा दम्याचा पंप हातात धरूनच ते घरात शिरले आणि सरळ आपल्या पलंगावर जाऊन बसले. बायको दारात उभी राहिली आणि तिथेच रडली. त्यांच्यासमोर ती पहिल्यांदाच रडत होती. आबा म्हणाले, "मिस्त्रीला बोलव."

मिस्त्री आले. घर त्यांनीच बांधलेलं, ओटाही त्यांनीच चढवलेला. भिंतीला हात लावला, बाहेर जाऊन ओटा पाहिला, आणि बराच वेळ तंबाखू मळत राहिले.

"आबा, चूक माजी हाय," ते शेवटी म्हणाले. "जोत्यावर डीपीसी मीच टाकलीती. आन मीच तिच्यावर माती लोटली."

"ती काय असती?" आबांनी विचारलं.

"तुमी बशीत टोस्ट उभा धरता ना, च्या वर चढतो? तसं हाय. इटंला बारीक बारीक भोकं असत्यात. जमिनीतलं पाणी त्यातनं वर चढतं. म्हनून जोत्याच्या माथ्यावर, भितीच्या सगळ्या रुंदीत, सिमिट-खडीचा दाट थर टाकायचा, त्यात वाटरप्रूफ पावडर, वरून डांबर. पाणी तिथंच थटतं. वरची भित कोरडी राहती."

"मग आता कावून चढलं?"

"थर खालीच राहिला की. ओट्याची माती त्याच्या वर हातभर गेली. काळी माती लई पाणी धरती. भितीला बाजूनं लागली, थराला वळसा घालून पाणी वर गेलं."

मी सिमेंटचं विचारलं, विचारायला नको होतं तरी. "तुमी आतनं श्वास बंद केला भितीचा," मिस्त्री म्हणाले. "बाहेर निघायला जागा न्हाई म्हनून वल वर गेली."

उपाय एकच होता. ओटा काढायचा आणि त्या थराच्या खाली वीतभर तरी भिंत उघडी ठेवायची.

संध्याकाळी ओट्यावर आबांच्या बैठकीतली नेहमीची दोघं आली, चहा झाला. ती गेल्यावर आबा म्हणाले, "उद्या फोड म्हनावं. आन मला खुर्ची दे बाहीर. माज्या माघारी फोडाया नगं."

मे महिना होता. फरशी निघाली तेव्हा खालची माती हातात घेऊन पिळता येत होती. खाली खणल्यावर भिंतीत काळी डांबराची रेघ दिसली, अखंड, एक तडा नाही. आबा खुर्चीतून उठून आले, काठी टेकवून वाकले आणि त्या रेघेवरून बोट फिरवलं. "चांगली हाय की," एवढंच बोलले, आणि दम लागून परत बसले.

आतलं माझं सिमेंट आणि क्षार बसलेलं जुनं प्लास्टर सगळं खरवडलं. तो क्षार राहिला तर दमट हवेतही भिंत पाझरते, असं मिस्त्री म्हणाले. भिंत नागडी करून सुकायला सोडली. सुकायला उरलेला उन्हाळा, सगळा पावसाळा आणि वरून अर्धा हिवाळा गेला. तोवर आबा मागच्या खोलीत. चहाला येणारी दोघं आता गल्लीत उभी राहायची, घोटभर पिऊन निघून जायची. उभ्या माणसाशी सौदा होत नाही. पुढे एकजण यायचा थांबला.

भिंतीला चुन्याचं प्लास्टर झालं, आबा खोलीत परतले. भिंत कोरडी. श्वास मात्र जो गेला तो गेला. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढा सांभाळायचा.

नव्या वर्षात परत रस्ता आला. मिक्सर गल्लीत घुसला. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "सगळ्यांच्या भितीला भिडवून घेतोय, कडंला चिखल राहत न्हाई." मी त्याला नियम सांगायला सुरुवात केली. कारकुनी सवय. त्याने माझ्याकडे पाहून घमेलं ओतलं.

तेवढ्यात खिडकीतून काठी आली. आबा गजाला छाती टेकून उभे होते. काठीचं टोक त्यांनी काळ्या रेघेखाली भिंतीला लावून धरलं.

"हितवर... हितवर..." पुढचं त्यांना बोलता येईना. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, आवाज शिट्टीत गेला, पण काठी हलली नाही.

"येडा हाय का म्हातारा?" तो माणूस मला म्हणाला.

मी त्याच्या घमेल्यासमोर चिखलात बसलो. बुटांसकट. तो शिव्या देत मागे झाला आणि भिंतीकडेला फूटभर पट्टी सोडून काँक्रीट ओतलं.

आत जाऊन पाहिलं तर आबा पलंगावर आडवे होते, पंप तोंडात, डोळे छताला. त्या दिवशी त्यांनी जेवण घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी उठले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाही. मधेच मला जवळ बोलावून विचारलं, "मिक्सर गेला का?"

"गेला, आबा."

"पट्टी सोडली?"

"सोडली."

त्यांनी मान भिंतीकडे वळवली आणि तळहात तिच्यावर ठेवून पडून राहिले.