मोदकाचे पीठ आणि सात आठवडे

१९ जुलै २०२५, शनिवार. दिवसभर पाऊस. भाट्याची खाडी दिसलीच नाही. दुपारी निशिगंधाकडे.

निशिगंधा माझ्या शेजारची. मोदकाचे पीठ करते. मदतीला मथुरा आणि यंदाच घेतलेली विमला. धुतलेला तांदूळ पावसात वाळत नाही म्हणून तिने विजेचा ड्रायर घेतला आहे. त्याची घरघर ऐकत बसले की डोळे जड होतात. पिठाचा बारीक धुरळा हवेत तरंगतो, दारातले माणूससुद्धा स्वप्नातल्यासारखे पांढुरके दिसते.

जुलै ते सप्टेंबरात बाराशे किलो, असे तिने ठरवले होते. तेवढे झाले तरच विमलाला दिवाळीनंतर ठेवणे परवडणार होते. तेरा आठवड्यांनी भागून तिने आठवड्याला ब्याण्णव किलो भिंतीवर लिहिले. तीन आठवड्यांत दोनशे पंच्याऐंशी झाले, म्हणून खुशीत होती. माल घेणाऱ्या मुंबईच्या विनोदशेठना तिने बाराशेचा शब्दही दिला होता.

मी सहज विचारले, "चतुर्थी कधी गं?"

"सत्तावीस ऑगस्टला," ती म्हणाली आणि भिंतीकडे बघतच राहिली. गणपती गेल्यावर हे पीठ कोण घेणार? दुकानांत आधी पोचायचा तर माल सोळा ऑगस्टला निघायला हवा. म्हणजे तेरा नव्हे, सातच आठवडे, त्यातले तीन संपलेले.

"रोज दुप्पट करूया," मथुरा म्हणाली.

"ड्रायर काय तुझा दीर आहे, रागावलीस की जास्त काम करेल?" निशिगंधा म्हणाली. दिवसाला पंचवीस किलोच तांदूळ वाळतो. सहा दिवसांचे दीडशे, चार आठवड्यांचे सहाशे. सगळे धरून आठशे पंच्याऐंशी.

मग तिने भिंत पुसून नवे आकडे लिहिले. सोळा ऑगस्टपर्यंत दर आठवड्याला दीडशे. गौरी-गणपतीत शून्य, कारण मथुरा आणि विमला राजापूरकडे गावी जाणार. पीठ साडेआठशेच धरून उरलेले साडेतीनशे किलो पिठाऐवजी नवरात्रासाठी उपासाची भाजणी, ती भाजून दळायची, ड्रायर लागत नाही. सणाआधीचा एक आठवडा आणि नंतरचे दोन, प्रत्येकी एकशे सतरा. दर शनिवारी झालेले काम बघून पुढचा आकडा बदलायचा.

शेवटी तिने शेठना फोन लावला आणि साडेआठशेच सांगितले. थोडे हाताशी राखून.

"बाराशे म्हणालात, आता साडेआठशे. गणपतीलाही एकवीसचे पंधरा मोदक दाखवू का?"

"साडेआठशे सोळाला निघतील, हे नक्की. बाराशे म्हटले तर खोटे होईल."

गेल्या वर्षी कुणीतरी शेठना गौरी गेल्यावर माल पाठवला होता, म्हणे. "सोळा म्हणजे सोळा. आणि भाजणीचा नमुना पाठवा," एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला.

विमला सुपे आवरत होती. निशिगंधा तिला म्हणाली, "दिवाळीनंतर कुठे दुसरीकडे शब्द देऊ नकोस. भाजणी जमली तर तू इथेच."

विमलाने मान डोलावली आणि सोमवारचा तांदूळ निवडायला घेतला.

घरी आले तेव्हा अंधारले होते. रात्री मऊ भात आणि भाजलेला पापड. दूध नासले, ओतून टाकले.