दोघांसमोर एकदम

ती घरात पावलं न वाजवता वावरायची, म्हणून तिचं नाव पडलं मनी. वडील बेकरीत रात्रपाळीला पाव भाजायचे आणि दिवसा झोपायचे. आई रुग्णालयाच्या धुलाईघरात दिवसभर चादरी इस्त्री करायची. नवराबायकोची गाठ पडायची ती सकाळी दारातच. एक चपला काढायचा, दुसरी घालायची. उरलेला संसार मनीच्या तोंडून चालायचा. ‘आईला सांग गॅस संपत आलाय,’ ‘बाबांना सांग डॉक्टरकडे जाऊन या.’ सोळाव्या वर्षी ती त्या घरातलं टपालखातं झाली होती.

त्यामुळे वर्गातल्या मैत्रिणीने सुट्टीत आपल्या मावशीकडे तळ्याकाठी एक रात्र राहायला बोलावलं, तेव्हा मनीने सवयीने सोपी वाट धरली. संध्याकाळी वडील चहा पीत होते, तेव्हा विचारलं. झोप अजून डोळ्यांवर होती. ते म्हणाले, “जा की, त्यात काय.”

आई आल्यावर मनीने निरोप दिला, की बाबा हो म्हणालेत. आईने पिशवी खाली ठेवली आणि पदराने मान पुसली.

“मग मला कशाला विचारतेस?” एवढंच म्हणून ती आत गेली.

दोन-तीन दिवस आई कामापुरतंच बोलली. मनीला आधी राग आला, मग हळूहळू उमगलं. आपण परवानगी मागितलीच नव्हती. एकाचा होकार नेऊन दुसऱ्याच्या पुढ्यात आदळला होता. मैत्रिणी रोज विचारत, ‘काय ठरलं?’ ही हसून वेळ मारून नेई. या घरात काही मागायचं म्हणजे आधी दोन माणसं एका जागी आणायला लागतात, हे त्यांना काय सांगणार?

शेवटी तिने आईला विनवलं, एक दिवस कामावर थोडं उशिरा जाशील का, आणि वडिलांना सांगितलं, आल्या आल्या आडवं होऊ नका. सकाळी तिघं स्वयंपाकघरात बसली. वडिलांच्या हाताच्या केसांत अजून मैदा होता. आईवडिलांना एकमेकांसमोर बसायची इतकी सवय मोडली होती, की दोघं मनीकडेच बघत राहिले.

“आधी चूक झाली. आईला न विचारता बाबांकडून हो घेतलं,” मनी म्हणाली. “आता दोघांना विचारते. नाही म्हणालात तर धुसफुस करणार नाही. पण आधी सगळं ऐकून घ्या.”

मग तिने काही न लपवता सांगितलं. कोण कोण येणार, कुठली बस, परत कधी. मावशी आणि तिचा नवरा रात्री घरीच असणार. मैत्रिणीचा भाऊ आणि त्याचा एक मित्रही येणार आहेत, ते खालच्या खोलीत झोपतील, मुली मावशीजवळ वर. मुलांचं आईने विचारायच्या आधी तिने स्वतःच सांगितलं. आईने तिच्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहिलं.

“तळ्यात उतरायचं नाही,” वडील म्हणाले.

“नाही उतरणार. मला पोहता येत नाही, हे मी त्यांना सांगून ठेवलंय.”

आईने मावशीचा नंबर मागितला आणि तिथेच फोन लावला. मावशी मोकळेपणाने बोलली. पोहोचल्यावर एक आणि अंधार पडल्यावर एक, असे दोन फोन ठरले. आता नाही म्हणायला काही उरलं नव्हतं, तरी आई ओट्याची कड नखाने खरवडत बसली.

“अजून काही राहिलं का, आई?” मनीने हळूच विचारलं.

“तुझ्या जाण्याचं काही नाही गं,” आई म्हणाली. “हे रात्री बेकरीत. तू असतेस म्हणून कळत नाही. नाहीतर घर खायला उठतं.”

वडिलांनी मान वर केली. पाळी काही त्यांच्या हातात नव्हती. मनीच्या ओठांवर आलं होतं, मग नाही जात. ते आईने ओळखलं असावं. “जा तू,” ती उठत म्हणाली. “नीट विचारलंस. जाडी चादर घे बरोबर.”

मनी गेली. पोहोचल्यावर फोन केला. अंधार पडायला लागला तशी पायरीवर येऊन दुसरा केला. आई म्हणाली, जेवले, सगळं ठीक आहे, मजा कर. मागे टीव्ही कधी नव्हे तेवढा मोठ्याने लागला होता. आईला टीव्हीचा आवाज सहन होत नसे.

“बाबा गेले?”

“मी यायच्या आधीच.”

पुढे दोघींनाही काही सुचेना, आणि कोणी फोनही ठेवेना. घरी एका छताखाली त्या इतका वेळ कधी नुसत्या थांबल्या नव्हत्या. शेवटी आईच म्हणाली, ठेव आता, मैत्रिणी वाट बघत असतील.

आत पत्त्यांचा डाव रंगला होता. मनीला जागा करून दिली, पानं हातात आली. ती खेळली, हसलीही. फोनवर एवढा वेळ काय चाललं होतं, हे कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी काय सांगायचं, ते तिला कळलं नसतं.