सहाव्या शीटवरची बारीक ओळ

आमच्या फॅब्रिकेशनच्या कारखान्यात ओव्हरहेड प्रोजेक्टर आला, तेव्हापासून एक नियम होता. साहेबांपुढे जाण्याआधी त्यावर दाखवायच्या आपल्या पारदर्शक शीट्स पाळीपाळीनं एका सहकाऱ्याकडून तपासून घ्यायच्या. तो चार गोष्टींना पाचपैकी गुण देई: सांगायचं काय ते कळतं का, क्रम बरोबर आहे का, शीटवर गर्दी किती, आणि शीटवर नाही ते बोलायच्या टिपणात आहे का. प्रत्येक गुणापुढे एका ओळीत कारण. मला हे आवडायचं. फुकटची वाहवा त्यात चालत नसे.

त्या वर्षी क्रेनची स्लिंग, म्हणजे माल उचलायचा पट्टा, तुटली आणि लोखंडी प्लेटखाली क्रेनला माल बांधणाऱ्या एका खलाशाचा पाय चेंगरला. अपघात का झाला, ते मला साहेबांपुढे मांडायचं होतं. त्यानंच माल चुकीचा बांधला, असं जो तो म्हणत होता. तसं ठरलं असतं तर त्याची नोकरी गेली असती. दवाखान्यात त्यानं मला खरं सांगितलं. स्लिंग बाद ठरवून तिला लाल रंग मारलेला होता, तरी सुपरवायझर म्हणाले, एवढी एक प्लेट उचल. क्रेनवाल्यानंही तेच सांगितलं.

सुपरवायझर म्हणजे आमचे भाऊ. भंडाऱ्याकडचे, आमच्याच घरांच्या ओळीत राहणारे, माझ्या बाळंतपणात रात्री रिक्षा शोधून आणणारे. आणि तपासायची पाळी नेमकी त्यांचीच आली. मी आठ शीट्स केल्या होत्या. पहिल्या पाचांवर क्रेनच्या आकृत्या, तक्ते. सहाव्या शीटवर अगदी खाली, बारीक अक्षरात लिहिलं होतं: बाद स्लिंग वापरात होती.

कँटीनमध्ये भाऊंनी सगळं वाचून चष्मा काढला.

"ताई, हे काय करून राहिल्या तुमी? पाच शीटा झाल्या, तरी तुमाले सांगायचं काय हाय ते समजून नाही राहिलं."

"सहावी पाहा ना, भाऊ."

"पाह्यली. ते पयल्या शीटवर घ्या. आकृत्या काढून टाका. अन् कोनाच्या सांगण्यावरून, ते टिपणात कावून नाही?"

"तुमाले मालूम हाय कावून ते."

"मले मालूम हाय. सायबाले कुठं मालूम हाय?"

पहिल्याच रकान्यात त्यांनी एक गुण दिला. मी चिडले. "तुमच्या दोन पोरी लग्नाच्या हायेत, भाऊ!"

"त्या खलाशाच्या बी हायेत," म्हणाले, आणि कारण लिहीत राहिले.

साहेबांपुढे मी त्यांनी सांगितल्याप्रमाणे पहिली शीट लावली. तिच्यावर तीच एक ओळ होती. कोणाच्या सांगण्यावरून, असं साहेबांनी विचारलं. टिपणात नाव होतं, तरी मी आधी वळून भाऊंकडे पाहिलं. मागच्या रांगेतून भाऊंनी मान हलवली, तेव्हा मी त्यांचं नाव घेतलं.

खलाशाची नोकरी राहिली, भाऊंची गेली. भाऊंच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं. ते नाव टिपणात घालायला भाऊंनीच लावलं, हे त्यांनी घरी कधी सांगितलं नाही, आणि मलाही सांगू दिलं नाही.