शंभर मिलीच्या चार बाटल्या

देवळाली प्रवऱ्यात बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत पुष्पावतीचं ब्युटी पार्लर आहे. बावीस वर्षं झाली. नवरा गेला तेव्हा लेक अश्विनी चार वर्षांची होती, आणि सासरच्यांनी उसाचे दोन एकर स्वतःकडे ठेवून घेतल्यावर पुष्पावतीने हातात भुवया कोरायचा धागा घेतला, तो आजतागायत खाली ठेवला नाही. गावातल्या निम्म्या नवऱ्या तिनेच सजवल्या. जिभेला धार होती, पण हात हलका होता, त्यामुळे बायका बोलणी खाऊनही पुन्हा यायच्या.

त्या हातांना एक सवय मात्र वाईट होती. कुठलंही घट्ट क्रीम आलं की त्यात थोडं गुलाबपाणी घालून ते सैल करायचं. पसरायला सोपं जातं, जास्त दिवस पुरतं. बाटली संपत आली की धुवायची भानगड नाही, वरून ओतायचं. ज्या बाईकडे ती शिकली ती असंच करायची, म्हणून ही पण करायची. कोणी विचारलं नाही आणि हिला कधी शंका आली नाही.

अश्विनी नर्स झाली. पुण्यात नोकरी करता करता जर्मन शिकली, परीक्षा पास झाली आणि एका एजन्सीमार्फत जर्मनीतल्या हॉस्पिटलचं नोकरीचं पत्र आलं. पुष्पावतीने पेढे वाटले, सगळ्यांना हसून सांगितलं. घरी आल्यावर मात्र तिला जेवण गेलं नाही. एकच पोर, तीही इतक्या लांब. हे ती कुणाला बोलली नाही, कारण आईने असं बोलायचं नसतं हे तिला ठाऊक होतं.

अश्विनीच्या हातांना लहानपणापासून एक्झिमा. हवा कोरडी झाली की कातडी फुटते, रक्त येतं. नगरच्या त्वचेच्या डॉक्टरांनी एक साधं, वास नसलेलं क्रीम दिलं होतं, त्यावर तिची तीन वर्षं बरी गेली होती. आता दोन विमानं, सोळा तासांचा प्रवास, आत हवा कोरडी ठणठणीत, आणि पोचल्यावर तिसऱ्या दिवशी तिथल्या डॉक्टरांची तपासणी. हातावर उघडी जखम असली तर वॉर्डात पाऊल ठेवू देणार नव्हते. सगळं त्या हातांवर होतं.

फोनवर अश्विनीने सांगितलं होतं, की जवळच्या बॅगेत शंभर मिलीपेक्षा मोठी बाटली चालत नाही. पुष्पावती म्हणाली, "अगं, मग दोनशेची ट्यूब अर्धी वापरलेली घे की." त्यावर पोरगी हसली. आत किती आहे ते बघत नाहीत आई, बाटली केवढ्याची आहे ते बघतात. आणि क्रीम, जेल, तेल, सगळं पातळातच मोजतात. सगळ्या बाटल्या मिळून एका लिटरच्या पारदर्शक पिशवीत बसल्या पाहिजेत, आणि पिशवी माणशी एकच.

मग पुष्पावतीने लेक यायच्या आधीच तयारी करून ठेवायचं ठरवलं. डॉक्टरांचं चारशे ग्रॅमचं क्रीम आणलं. पार्लरमधल्या शंभर मिलीच्या चार रिकाम्या बाटल्या घेतल्या, नळाखाली विसळल्या, झटकल्या. क्रीम इतकं घट्ट की बारीक तोंडातून आत जाईना. तिने सवयीने तीन हिस्से क्रीम नि एक हिस्सा गुलाबपाणी केलं आणि बाटल्या भरल्या. उरलेलं स्वतःच्या टाचांना चोळलं.

अश्विनी पुण्याहून आली. प्रवासापर्यंत हात मऊ ठेवू म्हणून तिने पहिली बाटली तिथंच उघडली. पाच-सहा दिवस काही झालं नाही. सातव्या दिवशी मनगटावर पुळ्या आल्या, आठव्या दिवशी त्यांत पू धरला.

"परत सुरू झालंय," अश्विनी म्हणाली. "इतकी वर्षं काही नव्हतं. तिकडे थंडीत काय होईल? मी एजन्सीला कळवते, की मला जमणार नाही."

"मंग ऱ्हा की हितंच," पुष्पावती बोलून गेली. "नगरला काय हॉस्पिटलं न्हाईत व्हय?"

लेकीने उघडी बॅग पायाने पलंगाखाली सरकवली. त्यात थोडासा होकार होता, आणि पुष्पावतीला तो दिसला. तिला बरं वाटलं. खोटं कशाला सांगायचं, फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बॅग आवरताना तिने राहिलेल्या बाटल्यांपैकी एकीचं झाकण काढलं. वास आंबट होता. वर पाणी सुटलं होतं आणि क्रीमच्या कडेला पिवळसर कड धरली होती. ती तशीच खाली बसली. ह्या पुळ्या जुन्या आजाराच्या नव्हत्या. बाटलीत काहीतरी वाढत होतं, आणि ते तिच्या हातून वाढलं होतं.

तिने झाकण लावलं आणि बाटली पिशवीत परत ठेवली. त्या दिवशी ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पार्लरमध्ये तिचा धागा दोनदा तुटला. एका बाईच्या तोंडाला क्रीम लावताना तिला आपलीच बोटं नकोशी झाली. तिसऱ्या दिवशी ती घरी आली, तर लेक फोनवर हळू आवाजात कुणाला तरी विचारत होती, की तिकीट रद्द केलं तर रुजू व्हायची तारीख पुढे ढकलता येते का. उंबऱ्यातच उभी राहून पुष्पावती म्हणाली, "अश्वे, फोन ठिव."

आणि तिने सगळं सांगितलं. गुलाबपाणी, ओल्या बाटल्या, आंबट वास.

अश्विनीने बाटली उघडली, वास घेतला, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बाजूला ठेवली. "पाणी घातलं की क्रीम टिकवायचं त्यातलं औषध पातळ होतं, आई. मग काहीही वाढतं." ती रागावली नाही. नर्ससारखंच बोलली. मग तिने विचारलं, "तुला कळलं कधी?"

"परवा," पुष्पावती म्हणाली.

"दोन दिवस," अश्विनी एवढंच म्हणाली.

नगरच्या डॉक्टरांनी बघून सांगितलं, की जंतुसंसर्ग आहे, जुना आजार नाही. मलम आणि गोळ्या दिल्या, प्रिस्क्रिप्शन प्रवासात जवळ ठेवायला सांगितलं. आठवडाभरात पुळ्या सुकल्या. विमानाला अजून दोन दिवस होते.

या वेळी सगळं अश्विनीने केलं. नवीन क्रीम आणलं, मोठा डबा तसाच सीलबंद ठेवून विमानात खाली जाणाऱ्या मोठ्या बॅगेत टाकला, दुसरा लहान डबा फोडला. रुंद तोंडाच्या पन्नास मिलीच्या दोन नव्या डब्या साबणाने धुतल्या, उकळून गार केलेल्या पाण्याने खळबळल्या, स्वच्छ कापडावर पालथ्या घालून पूर्ण कोरड्या होऊ दिल्या. मग स्पिरिटने पुसल्या आणि तेही उडून जाऊ दिलं. हात धुतले. चमचा उकळून कोरडा केला. बोट कुठेच लागू दिलं नाही. हवेचा दाब बदलतो म्हणून डब्या काठोकाठ भरल्या नाहीत. वर क्रीमचं नाव आणि तारीख चिकटवली.

पुष्पावती ओट्याशी उभी राहून बघत होती. इतकं सोपं होतं. बावीस वर्षांत कुणी दाखवलं नाही, आणि हिनेही कुणाला विचारलं नाही. किती बायकांच्या तोंडाला काय लावलं, याचा हिशेब कधीच लागणार नव्हता.

पारदर्शक पिशवीचं तोंड मिटत होतं, ते धरायला म्हणून तिने हात पुढे केला.

"राहू दे, आई," अश्विनी म्हणाली. आवाज मऊच होता. तिने पिशवीचं तोंड कोपराने उघडं धरलं आणि दोन्ही डब्या एकटीने आत ठेवल्या.

पुष्पावतीने हात मागे घेतला. लेकीचं बरोबर होतं, हे तिला समजत होतं, आणि म्हणूनच तिला रडूही येईना.