दाबात अधिक का?

मी लोहाऱ्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो आणि तोंडानं फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकतो. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला खऱ्या वायूंचं समीकरण आलं, की माझी ठरलेली आरोळी असायची: "दाबात अधिक, आकारमानात उणे! पाठ करा, मार्क घ्या, मोकळे व्हा!" पोरं तालावर म्हणायची.

जळकोटहून जीपनं येणारी एक मुलगी एकदा उठली. "सर, खरे रेणू एकमेकांना ओढतात. म्हणून भिंतीवर कमी जोरानं आदळतात, दाब कमी भरतो. मग उणे का न्हाय?"

"लई शहाणी झालीस का? पुस्तकात अधिक आहे ना? बस खाली!"

सांगता आलं नसतं असं नाही. कंटाळा आला होता, दुसरं काय!

नापास झाली तर शिक्षण बंद, असं तिच्या वडिलांनी बजावलेलं. हे तिनंच मला सांगितलं होतं. परीक्षेत नेमकं तेच समीकरण आलं. तिनं दाबात उणे केलं. शेवटची ओळ चुकलेली बघून मी पाचांपैकी शून्य टाकलं. ती दोन गुणांनी नापास झाली.

निकाल लागून गेल्यावर गठ्ठे बांधताना तिचा पेपर वर आला. उभ्या उभ्या वाचला. दाब वाढवला, थंड केलं की रेणू जवळ येतात, मग त्यांची ओढ आणि त्यांनी अडवलेली जागा सोडून देता येत नाही, हे तिनं स्वच्छ लिहिलं होतं. आकारमानाची दुरुस्तीही बरोबर होती. तीन गुण तर डोळे झाकून द्यायचे. माझं मलाच थोबाडून घ्यावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी जळकोटला गेलो. दारात मांडव पडला होता. वडील म्हणाले, "या सर, बसा. परवाची तारीख धरली. पोरगी शिकण्यात कच्चीच निघाली, तुमचा तरी काय दोष!" मी बसलो.

ते मांडववाल्याकडं गेले. तिनं चहा आणला, तिथंच उभी राहिली. "सर, आता तरी सांगा. अधिक का?"

"दाब कमी भरतो, हे तुझं खरंच आहे. पण समीकरणातला दाब आपण मोजलेला, म्हणजे आधीच कमी भरलेला. रेणूंना ओढच नाही असं धरलेल्या आदर्श वायूच्या नियमात बसवायचा, तर ओढीनं घटला तेवढा परत घालायचा. आणि आकारमान मोजतो ते अख्ख्या भांड्याचं. त्यातून रेणूंनी अडवलेली जागा वजा केली, की फिरायला मोकळी उरते ती खरी."

"एवढंच व्हय?" ती म्हणाली. दोन मिनिटंसुद्धा लागली नव्हती.

मग तिनं विचारलं, "मग सर, मी खरंच नापास होते का?"

वडील माघारी येत होते. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "होय."