भिंतीची चव

भिंत चाखून बघणं हे आमच्या धंद्यातलं काम आहे, पण ते पाहुण्यांसमोर करायचं नसतं. मी ते लातूरला, थोरल्या बहिणीच्या बैठकीच्या खोलीत, दाजी समोर बसलेले असताना केलं. दाजींनी चहाचा कप माझ्यापासून थोडा लांब सरकवला.

मी नांदेडचा गवंडी. चाळीस वर्षं थापी धरली, आता गुडघे नको म्हणतात म्हणून पोरांच्या कामावर नुसता उभा राहतो आणि नावं ठेवतो. अक्काचं घर मात्र मी स्वतः बांधलं. पायापासून गच्चीपर्यंत. तिनं आयुष्यभर भाड्याच्या खोल्यांत संसार केला होता, आणि पहिल्यांदा स्वतःच्या जागेवर कुदळ पडली तेव्हा तिनं मला एकच गोष्ट सांगितली होती. "माहेरच्या अंगणातली घमेलंभर माती आन. माझ्या घराच्या पोटात ऱ्हाऊ दे."

आई-वडील गेले, चाकूरच्या अलीकडलं आमचं घर पडलं, उरली ती माती आणि मी. आता अक्काचं माहेर म्हणजे माझं नांदेडचं घर. पंचमीला ती येते, आठ दिवस राहते, माझ्या बायकोच्या स्वयंपाकात दोष काढते आणि जाताना दोघी रडतात. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं याच्यावरच आलं.

घर झाल्यानंतरचा पहिला पावसाळा गेला. थंडी पडू लागली आणि बैठकीच्या खोलीतल्या दारासमोरच्या भिंतीला जमिनीपासून गुडघ्यापर्यंत पांढरं फुटलं. कुणी पिठाचा हात लावल्यासारखं. बोट लावलं की भुगा पडायचा आणि त्याच्याखालचा गिलावा भुसभुशीत झालेला असायचा. आमच्याकडं याला लोणा म्हणतात. गच्चीच्या कठड्याच्या बाहेरच्या अंगालाही पांढरे ओघळ दिसत होते.

अक्कानं फोन केला. "भिंत पांढरी व्हायली रं. येऊन जा."

गेलो. आणि जे केल्याबद्दल मी पोरांना शिव्या घातल्या असत्या, तेच केलं. ओल्या फडक्यानं भिंत पुसली. लोणा क्षणात दिसेनासा झाला, अक्का खूश झाली. पण ओल्या फडक्यानं क्षार जात नाही, तो पाण्यात विरघळून पुन्हा भिंतीत शिरतो आणि भिंत वाळली की परत बाहेर येतो. वर मी ऑइल पेंटचे दोन हात दिले. बहिणीला तोंडावर नाही म्हणणं मला जमलेलं नाही, एवढंच माझं स्पष्टीकरण.

पुढच्या हिवाळ्यात पेंटला फोड आले. ओल आत कोंडली होती. तिला बाहेर पडायला वाट नव्हती, म्हणून ती वर चढली आणि पेंट संपतो तिथं, छातीएवढ्या उंचीवर, नवा लोणा निघाला. म्हणजे माझ्या उपायानं रोग दीड हात वाढला.

मग मी बोअरला दोष दिला. घर बांधताना लातुरात पाण्याची ओरड होती, तेव्हा गिलाव्यावर पाणी मारलं ते खाऱ्या बोअरचं. दाजींना हे पटलं. आपलं काही चुकलं नाही, पाणी वाईट, हे कुणालाही पटतं. मी गिलावा काढला, टँकरचं गोडं पाणी वापरून नवा केला, आणि त्याच फेरीत गच्चीचंही काम उरकलं. गच्चीवरच्या पांढऱ्याची जात वेगळी होती. ते पाण्यानं धुतलं तरी निघत नव्हतं, लिंबू पिळल्यावर मात्र त्याला फेस आला. तो सिमेंटमधला चुना होता. गच्चीच्या पाइपाच्या तोंडाशी पिंपळाची पानं अडकून पाणी तुंबत होतं, ते कठड्याच्या सांध्यातल्या भेगेतून झिरपत होतं आणि बाहेर पडताना चुना सोबत नेत होतं. पाइप मोकळा केला, उतार नीट करून घेतला, भेग कोरून भरली, कठड्याच्या बुडाशी गोलाई काढली. त्यानंतर गच्ची आजतागायत कोरडी आहे. गच्ची सुधारली म्हणजे भिंतही सुधारली असं मी धरून चाललो. अर्धा धंदा असाच चालतो.

तिसऱ्या हिवाळ्यात लोणा परत आला. गोड्या पाण्याच्या गिलाव्यातून आला, त्यामुळं बोअरची सबब संपली.

दाजी शांत माणूस आहेत. त्यांना राग आला की ते वस्तूंची माहिती देऊ लागतात. ते फोनवर मला म्हणाले, "चार फुटापर्यंत फरश्या लावून घेतो. दुसरा माणूस बघितलाय. तुमच्या हातानं आता न्हाई." मागून अक्काचा आवाज आला. तो तिनं फोनसाठी काढलेला नव्हता, त्यांच्यासाठी होता. "माझ्या भावाच्या हातानं भिंत बिघडली असंल तर मी माहेराचं नाव काढणार न्हाई. पंचमीला पाऊल टाकणार न्हाई. लिहून घ्या."

तिच्या तोंडचा शब्द दगडावरची रेघ असतो, हे दाजींना आणि मला दोघांनाही माहीत होतं. रविवारी सकाळच्या एसटीनं मी लातूर गाठलं.

आणि भिंतीसमोर उकिडवा बसल्यावर मला माझे उस्ताद आठवले. नांदेडच्या जुन्या वस्तीतले, आता नाहीत. त्यांनी मला चाखायला शिकवलं होतं. स्वतः बोटाच्या टोकानं कणभर घ्यायचे आणि थुंकून टाकायचे. खारट लागलं तर मीठ, पाण्यात नाहीतर वाळूत बघ. आणि "जबान पे ठंडा लगा तो समझ ले, नीचे जानवर बांधते थे." जनावरांचं मूत पिढ्यान्पिढ्या मुरलं की मातीत शोरा तयार होतो. तो जिभेवर थंडगार लागतो.

मी बोट लावलं. थंड लागलं.

ही जमीन म्हणजे आधी मोकळा प्लॉट, तिथं कधी शेळीसुद्धा बांधलेली नव्हती. मग शोरा आला कुठून, हे मला तिथं बसल्या बसल्या कळलं. एका झटक्यात कळलं.

अक्कानं घमेलंभर माती मागितली होती. मी टिप्पर घेऊन गेलो होतो. जोत्याच्या भरावाला मुरूम मिळत नव्हता, टिप्पर रिकामाच परत यायचा होता, आणि आमच्या पडक्या घरामागं मऊ, काळपट, भुसभुशीत मातीचा ढीग होता. मी तो भरून आणला आणि बैठकीच्या खोलीखाली धुमसून टाकला. मनात म्हटलं, अक्का घमेलं म्हणते, आपण खोलीभर माहेर देऊ. तिला सांगितलं नाही, पुढं कधीतरी सांगून चकित करू म्हणून. ती जागा गोठ्याची होती. ती माती शेतात टाकली तर पीक उभं राहतं, घराखाली टाकली तर भिंत बसते, हे वडिलांनीही सांगितलं असतं. गवंड्याला मात्र सुचलं नाही.

बाहेर जाऊन बघितलं तर त्याच भिंतीला लागून अक्काची भांडी घासायची मोरी. तिचं पाणी फरशीच्या फटीतून सरळ भरावात. शोरा माझा, पाणी तिचं. नुसता शोरा कोरड्यात वर्षानुवर्षं गप्प पडून राहतो. पाणी त्याला उचलून विटेतून वर आणतं, हवेत स्वतः उडून जातं आणि त्याला भिंतीच्या तोंडावर सोडून देतं.

आता मोरीवर सगळं ढकलता आलं असतं. खरं तर ते अर्धं खरंही होतं. दाजींनी मान डोलावली असती आणि अक्काचा शब्द वाचला असता. मी आत आलो तेव्हा तोच बेत होता. पण अक्का दारात उभी राहून माझ्या तोंडाकडं बघत होती, तिची खात्री होती की भाऊ आता तिला जिंकवणार. तिच्यासमोर मला खोटं रेटवलं नाही.

"अक्का, गिलाव्यात दोष न्हाई," मी म्हणालो. "भरावात हाय. माती मी आनली. गोठ्याची. टिप्परभर."

दाजींनी कप खाली ठेवला. "म्हंजे हात तुमचाच," ते म्हणाले.

"माझाच."

"कुठल्या गोठ्याची?" अक्कानं एवढंच विचारलं.

"आईची म्हैस बांधत होतो तिथली."

ती भिंतीजवळ आली. बोट लावलं, जिभेवर ठेवलं, पदराला पुसलं. मग आत जाऊन भाजी चिरायला बसली. मला रागावली असती तर बरं झालं असतं.

फरश्यांचा माणूस दाजींनी परत पाठवला, एवढी माझी अब्रू राहिली. फरश्यांनी ओल पुन्हा वरच चढली असती, हे त्यांना पटलं. मी महिनाभर लातुरात राहिलो. आधी मोरी भिंतीपासून लांब हलवली आणि पाण्याला पक्की नाली दिली, कारण पाणी थांबल्याशिवाय बाकी सगळं व्यर्थ. मग खोलीतल्या फरश्या उचलून भराव काढला, जोत्याच्या भिंतीला आतून ओल-बंद थर दिला, वर प्लॅस्टिकचा कागद लावला आणि स्वच्छ मुरूम भरला. पांढऱ्या रेघेच्या वर दोन फुटापर्यंत गिलावा काढला, विटांचे सांधे कोरले, कोरड्या ब्रशनं झाडलं. झाडलेला भुगा अंगणात न टाकता पोत्यात भरला. भिंत उन्हाळाभर उघडी ठेवली. विटांत राहिलेला शोरा त्या दिवसांत बाहेर येत होता, अक्का रोज सकाळी कोरडा कुंचा फिरवायची आणि माझ्याशी फोनवर फक्त त्याच्याबद्दल बोलायची. "आज कमी हाय." "आज न्हाई." मृगाच्या आधी परत जाऊन धुतलेल्या वाळूत चुन्याचा गिलावा केला आणि वर चुन्याची सफेदी. चुना श्वास घेऊ देतो. उरलंसुरलं बाहेर येईल ते येऊ दे, कोरड्या ब्रशनं झटकता येतं.

पंचमीला अक्का आली नाही.

माझ्या बायकोनं पुरणाचा घाट घातला होता. फोन केला तर अक्का म्हणाली, "तिकडं जमणार न्हाई." तिकडं. माहेर म्हणाली नाही. दिवाळीतही तिकडंच होतं. त्या हिवाळ्यात भिंतीच्या बुडाशी पुसट पांढरं आलं, अक्कानं झटकलं, परत आलं नाही. दुसरी पंचमीही तशीच गेली. भिंत बरी झाली होती आणि मला त्या भिंतीचाच राग येत होता.

दुसऱ्या हिवाळ्यात मी लातूरला गेलो, निमित्त म्हणून भिंत बघायला. स्वच्छ होती. हात फिरवला, हाताला काही लागलं नाही. दाजींकडं शेजारचे एक गृहस्थ आले होते, त्यांच्याही भिंतीला लोणा होता. ते दाजींना विचारत होते, ही भिंत इतकी कोरडी कशी.

दाजी म्हणाले, "हिच्या माहेरच्या माणसानं केली. बिघडवलीही त्यानंच. पन सांगितलं तोंडावर."

अक्का चहा घेऊन आली होती. कप ठेवताना तिचा हात थांबला. इतक्या दिवसांनी त्या घरात माहेराचं नाव निघालं होतं, आणि ते दाजींनी काढलं होतं. तिनं दाजींकडं बघितलं, ते पेपर वाचत असल्यासारखे बसले होते. मग तिनं माझ्यासमोर बशी सरकवली.

"पंचमी लई लांब हाय," ती म्हणाली. "आत्ता माहेराला न्यायला आलास का नुसतं भिंत बघायला?"

मी म्हणालो, भिंत बघायला. ती पिशवी भरायला आत गेली.