खांबाच्या जागचं आभाळ

घुग्घुसला आमचा फोटो स्टुडिओ होता. सिमेंटचे ट्रक दारावरूनच जायचे, त्यामुळे माझा अर्धा जन्म निगेटिव्हवरची धूळ पुसण्यात गेला. कॉम्प्युटर आला तो मात्र सुनेच्या हाती. सून धानोऱ्याची, बोलायला कमी. तिच्या वाटचंही मीच बोलायची म्हणा ना.

एकदा एक बाई आली, माहेर ब्रह्मपुरीकडचं. नवरा लाइनमन, खांबावरच शॉक लागून गेलेला. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे गेलेल्याच्या आठवणीच्या कार्यक्रमाला त्याचा मोठा फोटो हवा होता. चांगला फोटो एकच, आम्हीच काढलेला: संध्याकाळचं मोकळं आभाळ आणि डोक्यामागं विजेचा खांब.

"खांब काढून टाका, बाई," ती म्हणाली. "ज्यानं नेलं त्यालेच भिंतीवर टांगू काय?"

सुनेनं खांब पुसला, त्या जागी वरून खाली फिकट होत जाणारा आभाळाचा रंग भरला. मोठी प्रिंट आली तर तिथं आडवे पट्टे. बाईनं त्यावर बोट ठेवलं.

"ह्या तं आमच्या धानाच्या बांध्या झाल्या, एकाखाली एक वावराचे तुकडे. खांब इथीच होता, हे अजून दिसून राह्यलं."

आवाज चढवला नाही तिनं, तेच मला लागलं. ती गेल्यावर मी सुनेला म्हटलं, "पट्ट्यायवर ब्लर मार."

"मारून पाह्यला, आई. जात नाईत. आपली फाईल आठ बिटाची, तिच्यात रंगाच्या छटा मोजक्या. एवढ्या मोठ्या आभाळाले पुरत नाईत, म्हणून पायऱ्या दिसतात. सोळा बिटात लय बारीक छटा भेटतात."

"मग ह्याच फाईलले सोळा कर ना."

"गेलेल्या छटा त्यानं परत येत नाईत. निगेटिव्हच पुन्हा स्कॅन करा लागते."

केलं. फाईल दुप्पट झाली, कॉम्प्युटर दम लागल्यासारखा घरघरायला लागला. सुनेनं खांब पुन्हा पुसला, रंग पुन्हा भरला आणि त्यावर अगदी बारीक ठिपक्यांचा दाणा पेरला.

"जिंदगीभर मी धूळ पुसली, अन् तू टाकून राह्यली?"

"बाकीच्या आभाळात फिल्मचा दाणा आहे. इथं नसला तं ठिगळ दिसते. अन् छापायले लॅबले देताना शेवटी आठ बिटच करा लागते, तवा हाच दाणा पायऱ्या पडू देत नाई."

मला माझा ब्रश आठवला. धुळीमुळं प्रिंटवर पडलेला पांढरा डाग मी कधी सलग रंगवला नाही, ठिपक्याठिपक्यांनी भरायची. मला ते कुणी शिकवलं नव्हतं, आणि मी तिला काहीच शिकवलं नव्हतं. पोरगी आपल्या वाटेनं तिथंच येऊन पोचली, आणि माझ्यापुढं निघून गेली. मी गुपचूप चहा मांडला.

बाई प्रिंट घ्यायला आली. खिडकीशी नेऊन, डोळ्याजवळ धरून तिनं खांबाची जागा शोधली. सापडली नाही.

"जराशी धूळ आहे वाटते," ती म्हणाली.

सुनेनं माझ्याकडं पाहिलं.

"राहू द्या," बाई म्हणाली. "घुग्घुसचं आभाळ असंच असते." आणि फोटो पदरात गुंडाळून घेऊन गेली.